जिनिंगच्या ऑडिटचे तास: मे महिन्यात मांडायचा हिशेब

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, यवतमाळ या पट्ट्यातल्या छोट्या सीए ऑफिसात जो नवीन आर्टिकल लागतो, त्याच्या वाट्याला पहिल्याच वर्षी एखादी जिनिंग-प्रेसिंग येते. या ऑडिटचं काम अवघड असतं ते तासांमुळे. कापसाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. म्हणजे तपासायची जवळजवळ सगळी कागदपत्रं एप्रिलच्या शेवटी तयार असतात. टॅक्स ऑडिटचा अहवाल ३० सप्टेंबरला द्यायचा असतो. मध्ये पाच महिने मोकळे दिसतात, आणि तरीही बहुतेक ऑफिसांत हे काम सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत होतं. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे मी एकाच उदाहरणावरून सांगतो.

उदाहरण एका भागीदारी फर्मचं आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलून गोल केले आहेत. हंगामात ६०,००० क्विंटल कापूस घेतला, खरेदीच्या पट्ट्या साधारण ४,२००, उलाढाल सुमारे ४५ कोटी. हिशेब लिहायला एक जुने मुनीमजी आणि एक मुलगा. आमची फी ७५,००० रुपये.

आधी हातात किती तास आहेत ते मोजा

नवखी मंडळी बजेट करताना कामापासून सुरुवात करतात. मी माणसांपासून करतो. आर्टिकलचे आठवड्याला ३५ तास धरले जातात. ते सगळे ऑडिटला मिळत नाहीत. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, जुलै अखेरीस टीडीएसचं तिमाही विवरण आणि पगारदारांची रिटर्न. शिवाय एसटीने जाण्यायेण्यात दिवसाचे दोन तास जातात. माझ्या अनुभवात आठवड्याला २५ तास हाती लागतात, जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात दहासुद्धा नाहीत.

१५ जून ते १५ सप्टेंबर हे तेरा आठवडे. एका माणसाचे ३२५ तास, तिघांचे ९७५. त्यातून जुलै अखेरीचे तास वजा करा. पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या यांचे दिवस वजा करा. पोळ्याच्या दोन दिवसांत जिनिंगच्या ऑफिसात कुणी भेटत नाही, आणि भेटावं अशी अपेक्षाही ठेवू नये. कुणाची परीक्षा असेल तर तारीख मे महिन्यातच लिहून घ्या. आमच्याकडे उरतात जेमतेम ८०० तास. एका मध्यम ऑडिटला कर्मचाऱ्यांचे ९० तास धरले तर साधारण नऊ ऑडिट होतात. दहावं काम १० सप्टेंबरला दारात आलं, तर ते घ्यायचं की नाही याचं उत्तर या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. अशी कामं मी नाकारली आहेत. एकदा नाकारलं नाही, त्याची गोष्ट पुढे येते.

मग काम तासांत मांडा

या जिनिंगसाठी आम्ही ११० तास धरले. त्यांची फोड अशी: जुने शिल्लक आकडे आणि खातेवही चाळणं ८, कापूस खरेदी आणि तिचे पैसे ३०, साठा आणि कापसातून निघालेल्या रुईचा उतारा १६, विक्री व जीएसटीची जुळवणी १४, खर्च, मजुरी आणि टीडीएस १२, बँक व कर्ज खाती ८, फॉर्म ३सीडी भरणं १२, आणि शेवटचं पुनरावलोकन व सही १०. यातले २० तास माझे, ९० आर्टिकल आणि सहायकाचे.

हे आकडे मागच्या वर्षीच्या फाइलवरून दहा टक्के वाढवून काढले नाहीत. मागच्या वर्षी जे घाईत झालं, त्याचे तास कमीच दिसणार. तेच पुन्हा धरले की घाईच बजेटमध्ये कायमची जाऊन बसते. त्यामुळे प्रत्येक ओळीमागे मोजता येईल असं काहीतरी हवं.

खरेदीच्या ३० तासांचं बघा. प्राप्तिकरात एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिली तर तो खर्च नामंजूर होतो. शेतकऱ्याला त्याच्या शेतमालाचे पैसे देताना नियम ६डीडीची सूट आहे. ही सूट पिकवणाऱ्याला आहे, गावोगाव फिरून कापूस गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. म्हणून पट्टीवरचं नाव खरंच शेतकऱ्याचं आहे का, हे बघणं या ऑडिटचा गाभा आहे. ४,२०० पट्ट्या म्हणजे सरासरी पट्टीला सव्वाचौदा क्विंटल. एकाच नावावर आठवड्यात चार पट्ट्या आणि शंभर क्विंटल दिसले की थांबायचं. आम्ही मोठ्या आणि वारंवार येणाऱ्या नावांच्या पट्ट्या निवडल्या, त्यात काही कसल्याही निकषाविना उचललेल्या घातल्या, अशा एकूण २४०. एका पट्टीला काटापावती, बाजार समितीची नोंद, रोकडवही किंवा बँक, आणि शेतकऱ्याचा सातबारा किंवा दुसरी ओळख बघायला पाच मिनिटं. २४० पट्ट्यांना २० तास. उरलेले १० तास शंका आलेल्या नावांचा माग काढायला.

पहिल्या वीस पट्ट्यांवर घड्याळ लावा

हीच गोष्ट नवख्यांना मी सगळ्यात आधी शिकवतो. पहिल्या दिवशी वीस पट्ट्या तपासा आणि लागलेला वेळ लिहा. आमच्या आर्टिकलला वीस पट्ट्यांना १४० मिनिटं लागली, म्हणजे एकीला सात. २४० पट्ट्यांना २८ तास, अधिक १० मिळून ३८. आठ तासांची वाढ पहिल्याच दिवशी दुपारी कळली, आणि तेव्हा मे महिना चालू होता.

कारण विचारल्यावर कळलं की काटापावत्या गाडी नंबरप्रमाणे लावलेल्या होत्या, पट्टी क्रमांकाप्रमाणे नाहीत. प्रत्येक पट्टीसाठी दिवसभराचा गठ्ठा उलटावा लागत होता. इथे दोन चुकीचे मार्ग खुणावतात. पहिला, २४० ऐवजी १७० पट्ट्या बघायच्या. नमुना किती घ्यायचा हे धोक्यावर ठरतं, आपले तास संपले यावर नाही. तास कमी पडले म्हणून नमुना कापला तर फाइलमध्ये तसं लिहून दाखवायची हिंमत कुणाला होणार नाही, यावरूनच ते चूक आहे हे ओळखावं. दुसरा मार्ग, टाइमशीटवर ३० तासच लिहायचे आणि उरलेले घरी बसून करायचे. नवीन मुलं साहेबांना वाईट दिसेल म्हणून असं करतात. त्याने पुढच्या वर्षीचं बजेटही खोटं होतं आणि फीची बोलणी करायला हातात पुरावा राहत नाही.

आम्ही मुनीमजींना सांगितलं की निवडलेल्या २४० पट्ट्यांची यादी घ्या आणि त्यांच्या काटापावत्या काढून ठेवा. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "आता कायले घाई करता सर? सप्टेंबर लय दूर हाये." त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा. मेमध्ये जिनिंग बंद, पत्र्याखाली ४५ अंश, आणि जूनमध्ये मृग लागला की शेठ आणि मुनीमजी दोघंही पेरणीच्या मागे. म्हणून आम्ही मेमध्ये सकाळी सात ते बाराच काम ठेवलं आणि दुपारी ऑफिसला परतलो. जूनमध्ये तिथं गेलोच नाही, ऑफिसात बसून करायच्या जुळवण्या केल्या. मागायच्या कागदांची यादी देताना तारीख आपल्या सोयीची नको, त्यांच्या पेरणीच्या आधीची किंवा नंतरची हवी. नाहीतर ती यादी टेबलाच्या काचेखाली पडून राहते.

काम कुणाला द्यायचं

तासांची फोड झाली की नावं लावायची. माझा नियम असा की ज्या ओळीत निर्णय जास्त, तिथे जुना माणूस, आणि त्याच्याबरोबर एक नवीन. साठा आणि उतारा मी स्वतः बघतो. ३१ मार्चला गोदामात उभं राहून गाठी मोजायलाही मी किंवा सहायक जातो, एकटा नवीन मुलगा नाही. हा दिवस एकदा गेला की परत येत नाही. सप्टेंबरात कितीही माणसं लावली तरी मार्चचा ढीग मोजता येत नाही, म्हणून वर्षाच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी हीच तारीख लिहा.

आणखी एक जागा जिथे तास गळतात. मुनीमजी प्रेमाने म्हणतात, "भाऊ, तेवढ्या नोंदी तुमीच टाकून द्या नं." मुलगा लाजेखातर बसतो आणि दोन दिवस टॅलीत नोंदी करतो. ते तास ऑडिटच्या खात्यावर चढतात, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वतः केलेल्या नोंदी तोच तपासतो. आर्टिकलने नम्रपणे म्हणावं, "मुनीमजी, साहेबांना विचारून सांगतो," आणि खरोखर विचारावं.

वाढलेल्या तासांना कारण लावा, त्याच दिवशी

आमच्या टाइमशीटला एक जास्तीचा रकाना आहे: कारण. त्यात तीनच अक्षरं चालतात. ग म्हणजे गिऱ्हाइकामुळे, आ म्हणजे आपल्यामुळे, न म्हणजे नवीन काम निघालं. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेलं कारण उपयोगाचं नसतं, कारण तोवर सगळाच दोष गिऱ्हाइकाचा वाटायला लागतो.

या जिनिंगचे ११० ऐवजी १३९ तास झाले. २९ तासांच्या वाढीत काटापावत्यांचे ८ ग. जीएसटीची जुळवणी झाल्यावर मुनीमजींनी मागच्या तारखांच्या विक्री नोंदी बदलल्या, जुळवणी पुन्हा करावी लागली, त्याचे १५ ग. उरलेले ६ आ, कारण नवीन आर्टिकलला सरकीच्या विक्रीची बिलं समजून घ्यायला वेळ लागला. ते सहा तास आमच्या शिकवण्याचा खर्च आहे, गिऱ्हाइकाकडे मागायचे नाहीत.

आता पैसे. आमच्या ऑफिसात सहायकाचा तास ३५० रुपयांना पडतो आणि माझा १,५०० ला धरतो. ९० तासांचे ३१,५०० आणि २० तासांचे ३०,०००, प्रवासाचे ६,०००, मिळून ६७,५००. फी ७५,०००, म्हणजे उरतात ७,५००. २९ तास सहायकाच्या दराने १०,१५० होतात. म्हणजे शिल्लक संपून आम्ही २,६५० रुपये तोट्यात. तोटा लहान दिसतो, पण नऊ कामांत असंच झालं तर एका आर्टिकलचे दोन-अडीच महिने फुकट गेले असा हिशेब होतो.

फीची गोष्ट जुलैत काढा

अहवालावर सही झाल्यावर जास्तीची फी मागितली तर शेठला ती अडवणूक वाटते. सहीच्या आधी, २८ सप्टेंबरला मागितली तर ती खरोखरच अडवणूक होते. म्हणून जुलैची वेळ. पंधरा तासांची जुळवणी ५ जुलैला वाया गेल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात मी शेठना भेटलो. सोबत टाइमशीट आणि एप्रिलमध्ये दोघांनी सही केलेलं नेमणुकीचं पत्र होतं. त्या पत्रात दोन वाक्यं स्पष्ट होती: पट्टीला काटापावती जोडून मिळेल, आणि जुळवणीनंतर नोंदी बदलल्यास त्याच्या तासांची वेगळी आकारणी होईल. ही वाक्यं नसतील तर ग लिहिलेल्या तासांनाही आधार राहत नाही.

२३ तासांचे ८,०५० होत होते. मी आकडा सांगितला, कारण सांगितलं, आणि थांबलो. शेठ म्हणाले, "साहेब, मुनीमनं बदललं हे मले माहीतच नव्हतं." बोलणं ६,००० वर मिटलं, आणि पुढच्या हंगामापासून काटापावती पट्टीलाच टाचायची असं ठरलं. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण ते आठ तास दरवर्षी वाचतील. फी नफ्याच्या टक्क्यांत ठरवायची नसते, त्याला सीएंच्या आचारसंहितेत बंदी आहे. आणि मागच्या वर्षीची फी थकलेली असताना नवीन काम सुरू करू नका. थकलेली फी ही सही करताना मनावर येणारं ओझं असतं.

शेवटची तारीख २० सप्टेंबर धरा

३० सप्टेंबर ही सरकारची तारीख आहे, आपली नाही. पोर्टलवर आपण अहवाल चढवला म्हणजे तो दाखल झाला असं नाही. फर्मने आपल्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो. भागीदाराची डिजिटल सही नागपूरला मुलाकडे असते, किंवा तिची मुदत संपलेली असते, किंवा मोबाईल नंबर बदललेला असतो. हे सगळं ऑगस्टमध्ये तपासायचं. मुदतवाढीवर विसंबू नका. २०२५ मध्ये ही तारीख आधी ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबर झाली खरी, पण पहिली घोषणाच सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. तोवर घाईत करायचं ते करून झालेलं होतं.

घाईने काय निसटतं ते उताऱ्यावरून सांगतो. ६०,००० क्विंटल कापसातून ३४ टक्के रुई म्हणजे २०,४०० क्विंटल, १७० किलोच्या गाठींत १२,००० गाठी. सरकी ६३.५ टक्के, म्हणजे ३८,१०० क्विंटल. घट अडीच टक्के, १,५०० क्विंटल. वहीत उतारा ३४ ऐवजी ३३.४ दिसला तर फरक नगण्य वाटतो. प्रत्यक्षात तो ३६० क्विंटल रुईचा, सुमारे २१२ गाठींचा असतो. तो फरक कापसाच्या ओलाव्याचा असू शकतो, जातीचा असू शकतो, किंवा वहीबाहेर विकलेल्या गाठींचाही. कोणता, हे ठरवायला महिनावार उतारा, वीजबिलाची युनिटं आणि बँकेला दिलेली साठ्याची विवरणं समोरासमोर मांडावी लागतात. या कामाला चार-पाच शांत तास लागतात. २९ सप्टेंबरच्या रात्री ते मिळत नाहीत.

ज्या वर्षी मी सप्टेंबरात दहावं काम घेतलं, त्या वर्षी एका जिनिंगचा उतारा आम्ही मागच्या वर्षाशी ताडून "ठीक" लिहिला आणि पुढे गेलो. डिसेंबरात बँकेच्या विवरणात मार्चअखेरच्या काही गाठी जास्त दिसल्या. त्या बाहेरच्या गोदामात तारण होत्या आणि साठ्यात धरलेल्याच नव्हत्या. कुणी लपवल्या नव्हत्या, आम्ही बँकेचं विवरण उघडलंच नव्हतं. अहवाल दुरुस्त करावा लागला आणि त्या शेठच्या समोर बसून ते सांगावं लागलं.

फाइल घाईत झाली आहे हे ओळखायला मी तीन ठिकाणी बघतो. सगळ्या कामाच्या कागदांवर दोन-तीनच तारखा असतील. फॉर्म ३सीडीत "निरंक" लिहिलंय, पण त्याच्यामागे आकडेमोडीचा कागद नाही. आणि शंकेच्या पुढे "मुनीमजींनी सांगितल्याप्रमाणे" एवढंच. यातलं एक जरी २० सप्टेंबरला दिसलं, तर उरलेल्या दहा दिवसांत तेवढीच ओळ पुन्हा करायची, अख्खी फाइल नाही. शेवटचे दहा तास पुनरावलोकनाला राखून ठेवले आहेत ते यासाठीच. दुसऱ्या ओळीचे तास वाढले म्हणून यातले उसने घ्यायचे नाहीत. तसं करायची वेळ आली तर मला त्याच दिवशी सांगा, मी दुसऱ्या कामावरचा माणूस काढून देतो.

या जिनिंगचा अहवाल २२ सप्टेंबरला चढला आणि दुसऱ्या दिवशी फर्मने स्वीकारला. २४ ला मी आणि आर्टिकलने पुढच्या वर्षीचा तक्ता भरला: खरेदी ३०, कारण काटापावती आता पट्टीला टाचलेली मिळेल, साठा व उतारा १६ ऐवजी २०, कारण बाहेरच्या गोदामाची फेरी त्यात घातली, बाकी तेच. एकूण ११४. नोव्हेंबरात काटा सुरू झाला की पहिल्या आठवड्यात एक चक्कर मारून पावत्या खरंच टाचल्या जातायत का ते बघायचं, हे त्याच कागदाच्या खाली लिहून ठेवलं.